महिन्याचा माल आठवड्याला मागवायचा आहे, व्यापाऱ्याला कसं सांगू?

प्रश्न: छोटी बेकरी आहे. व्यापारी मैद्याची ४० पोती एकदम टाकतो. ठेवायला जागा नाही, पैसेही अडकतात. दर आठवड्याला १० पोती द्या म्हटलं तर तो भाव वाढवेल का?

उत्तर: नुसतं "थोडा थोडा द्या" म्हटलंत तर वाढवेल, कारण त्याची अडचण भाड्याची आहे. समजा टेम्पो १२०० रुपये घेतो. ४० पोत्यांवर पोत्यामागे ३० रुपये पडतात, १० पोत्यांवर १२०.

म्हणून आधी विचारा, "शेठ, आमच्या बाजूला तुमची गाडी कोणत्या वारी येते?" त्याच फेरीत तुमची १० पोती चढली तर वेगळं भाडं लागत नाही. महिन्याची ४० पोती नक्की उचलू, हे व्हॉट्सॲपवर लिहून द्या. भाव महिन्याच्या मालाचाच मागा, आणि दर गाडीचे पैसे माल उतरताच द्या. उधारीवर घेणाऱ्याला हा हट्ट करता येत नाही, हे खरं.

गाडी चुकेल त्या आठवड्यासाठी ३-४ पोती शिल्लक ठेवा, फळीवर, भिंतीपासून थोडी लांब. पावसाळ्यात ओल धरली की पोरकिडे होतात. आमची दोन पोती तशीच गेली होती.