पीएफ काढून गृहकर्ज फेडावे का?

प्रश्न: माझे वय 42. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षे आहे. गेल्या आठवड्यात एचआरने अचानक बोलावून महिनाअखेर शेवटचा दिवस असल्याचे सांगितले. घरी अजून बोललो नाही, सकाळी नेहमीसारखा डबा घेऊन बाहेर पडतो. कंपनीकडून एकूण 7.5 लाख मिळतील, मुदत ठेव 1.5 लाखाची आहे, पीएफमध्ये 12 लाख आहेत. गृहकर्ज 16 लाख बाकी, हप्ता 31,000. हप्ता, मुलीची फी, आईची मधुमेहाची औषधे धरून महिन्याला 85,000 लागतात. पत्नी शाळेत शिकवते, तिला 22,000 मिळतात. पीएफ आणि 4 लाख रोख घालून कर्ज फेडून टाकू का? म्हणजे घरी सांगताना निदान घर तरी आपले झाले, असे म्हणता येईल.

उत्तर: कर्ज आत्ता फेडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वरवर पाहता आपला विचार बरोबर वाटतो, कारण कर्ज फिटल्यावर 5 लाख रोख उरतील आणि पत्नीचा पगार वजा जाता महिन्याला 32,000 च कमी पडतील. म्हणजे साधारण पंधरा महिने निभावतील. कर्ज चालू ठेवले तर महिन्याची तूट 63,000 होते आणि 9 लाख चौदा महिने पुरतात. फरक जेमतेम महिन्याचा. मात्र पहिल्या मार्गात पंधरा महिन्यांनंतर हाताशी काहीच राहत नाही, तर दुसऱ्या मार्गात पीएफचे 12 लाख शिल्लक असतात आणि ते धरून हाच खर्च पावणेतीन वर्षांच्या आसपास चालतो. कर्जात एकदा भरलेले पैसे गरज पडली म्हणून परत मागता येत नाहीत, आणि टॉप-अप कर्ज मागायला गेलात तर बँक आधी पगाराची स्लिप विचारते. शिवाय नोकरी सुटताच सगळा पीएफ हाती येत नाही, काही भाग मागे राहतो, त्यामुळे आपली योजना आखल्याप्रमाणे पार पडणारही नाही. पीएफवर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज जाहीर झाले होते; नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो हे खरे, पण ज्या वर्षी उत्पन्नच कमी आहे त्या वर्षी त्याचा भार फारसा नसतो.

आपल्या शेवटच्या वाक्याकडे मी पुन्हा पुन्हा वळलो. घरी मान खाली घालावी लागू नये म्हणून आपण 16 लाखांचा निर्णय घ्यायला निघाला आहात. अकरा वर्षे ज्या कामाचा पगार मिळाला ते काम आपण केलेले आहे. कंपनीने एक पद कमी केले, यात घरच्यांपासून लपवावे असे आपल्या हातून काही घडलेले नाही. आणि लपवण्याची किंमत रोख मोजावी लागते. किराणा, क्लास, दिवाळीची खरेदी, भाच्याच्या लग्नातला आहेर हे खर्च पत्नीच्या सहमतीशिवाय कमी होणार नाहीत, आणि 85,000 चे 73,000 झाले तर तेच 9 लाख चौदाऐवजी साडेसतरा महिने पुरतात. म्हणून या शनिवारी पत्नीसोबत बसा, वरचे आकडे एका कागदावर लिहून तिच्यासमोर ठेवा, आणि आईला काय व केव्हा सांगायचे ते दोघांनी मिळून ठरवा.

शेवटचा दिवस उजाडण्याआधी दोन कामे उरकायला हवीत. कंपनीचा गट आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी संपतो. आई त्यात असतील, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याचा अर्ज एचआरमार्फत आत्ताच द्या, म्हणजे आजवरचा प्रतीक्षा कालावधी जमेस धरला जातो. नव्याने पॉलिसी घेतली तर मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही, तेवढा दिलासा आहे. दुसरे काम राजीनाम्याच्या मजकुराचे. पोर्टलवर राजीनामा द्यायला सांगितले, तर कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" असे निवडू नका. पद कमी केल्याचे कंपनीकडून लेखी घ्या, किमान ईमेलवर तरी. गृहकर्जासोबत नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा घेतलेला असेल, तर स्वेच्छेने दिलेल्या राजीनाम्यावर तो दावा सहसा नाकारला जातो.

9 लाखांपैकी तीन हप्त्यांची रक्कम ज्या खात्यातून हप्ता कापला जातो तिथेच राहू द्या, दोन महिन्यांचा खर्च बचत खात्यात ठेवा आणि उरलेल्याच्या लहान लहान मुदत ठेवी करा, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्यांना हात लागत नाही. शेअर बाजारात यातला रुपयाही नको. आठ महिन्यांनी रोख 4 लाखांवर आली आणि नोकरीचे नक्की झाले नसेल, तर एकही हप्ता चुकण्याआधी कंपनीचे ते पत्र घेऊन शाखेत जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची लेखी विनंती करा. थकबाकी 90 दिवसांवर गेली की खाते अनुत्पादक ठरते, आणि मग बँकेशी हे बोलणे फार अवघड होते.