दुपारी चार वाजता पांढरा रस्सा मागू नये

प्रश्न: कोल्हापूरला दोन दिवसांसाठी जातोय. अस्सल कोल्हापुरी जेवण कुठे मिळेल? फार तिखट असतं का?

'कुठे' पेक्षा 'किती वाजता' हे आधी विचारा. माझ्या दाजींनी ते विचारलं नाही, म्हणून गेली सात वर्षं आमच्यात वाद चालू आहे.

दाजी पुण्याचे. एका बुधवारी सकाळी निवांत निघाले आणि पोचले पावणेचारला. मी फोनवर बजावलं होतं, "दाजी, दोनच्या आत या." आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. खानावळीत सकाळी पातेलं चढतं, बारा ते तीन पंगती उठतात, मग चूल थंड. पुन्हा साडेसात-आठला. मधल्या वेळेत मिळतं ते उरलेलं. तरी ओळखीच्या एका खानावळवाल्यानं भिडेखातर दोन ताटं वाढली. पांढरा रस्सा पुन्हा उकळलेला, त्यात दाणे दाणे झालेले, वर तेल वेगळं. तांबडा आटून खारट आणि जहाल. दाजींनी एक घोट घेतला आणि निकाल दिला: "तुमच्याकडे नुसतं तिखट!"

आता पातेल्यात काय होतं ते सांगतो. आई एक किलो मटण आलं-लसूण, मीठ आणि चिमूटभरच हळद लावून शिजवते. हळद जास्त झाली की पांढरा पिवळा पडतो. शिजलेल्या मटणाचं पाणी म्हणजे अळणी. दोन्ही रस्से याच पाण्यातून होतात. अर्ध्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि घरची चटणी पडली की तांबडा. (चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात वर्षाचा करून ठेवतात. ताटाच्या कोपऱ्यातली चटणी नव्हे.) उरलेल्या अर्ध्यात तुपावर परतलेला खडा मसाला, खसखस-तीळ-काजूचं वाटण, आणि सगळ्यात शेवटी नारळाचं दूध. ते घातलं की आच मंद करून ढवळत राहायचं आणि उकळी फुटायच्या आत उतरवायचं. खळखळ उकळलं की दूध फाटलंच. म्हणून पांढरा तासाभरात प्यायचा, दुपारचा रात्री नाही. आणि 'प्यायचा' म्हणतोय, कारण तो पातळच असतो. वाटी तिरपी केल्यावर कडेला जाड साय चिकटून राहिली, तर कॉर्नफ्लॉवर आहे, उठा तिथून.

तिखटाचं उत्तर यातच आहे. तांबड्याचा एक घोट, पांढऱ्याचा एक घोट, असं आलटून पालटून चालतं. एकटा तांबडा ओरपून जीभ भाजली म्हणणाऱ्यानं अर्धंच ताट खाल्लंय. आणि बाहेरच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून जे लालभडक मिळतं, ते माझ्या घरी कधी शिजलेलं नाही.

मिसळीचंही वेळेवरच अवलंबून असतं. ती सकाळची. उद्यमनगरात फडतऱ्यांकडे जायचं तर लवकर जा. रांग असते, आणि कट संपला की संपला. सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड. तो पाव हवाय म्हणून हुज्जत घालू नका, दाजींनी घातली होती. (ते दुसऱ्या दिवशी साडेदहाला उठले, ते वेगळंच.) संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ. शेजारचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी बांधलेलं. त्या तालमींच्या गावात दूध हे खाणंच आहे, म्हणून पाय मोकळे करत गंगावेशीत दूधकट्ट्यावर जा. म्हैस समोर उभी, धार काढून फेसासकट पेला हातात. चहाच्या टपरीवर उभं राहावं तशी माणसं तिथं उभी असतात.

शेवटी दाजींना पुढच्या रविवारी थांबवून घेतलं आणि साडेबाराला आईच्या हातचं वाढलं. चार वाट्या पांढरा प्यायले, घाम पुसला नाही. मी म्हटलं, "आता बोला, दाजी." तर म्हणतात, "हा घरचा आहे, याची तुलना नको." म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

हां, एक राहिलंच. कट्ट्यावरचं दूध कच्चं असतं. पोट नाजूक असेल किंवा लहान मुलं बरोबर असतील, तर नुसतं बघून या. आणि श्रावणात जात असाल तर वरचं मटणाचं सगळं विसरा, बऱ्याच घरांत चूलच बदललेली असते.