जुनी वेबसाइट नव्हे, दोन तारखांमधले अंतर शोधा

प्रश्न: मी छोट्या व्यवसायांना वेबसाइट करून देतो. गूगल मॅप्सवर शोधून ज्यांची वेबसाइट जुनाट आहे किंवा फेसबुक पेज ओस पडले आहे, अशांशी संपर्क साधतो. यादी शेकड्यांनी होते, पण उत्तर जवळजवळ कोणीच देत नाही. यादी नेमकी कशी करावी?

उत्तर:

मी हे काम काही वर्षे केले आहे, आणि सुरुवातीला माझ्या याद्याही अशाच फुगत असत. माझी चूक ही होती की वेबसाइट डोळ्यांना किती जुनी वाटते यावर मी निवड करत होतो. जुने दिसणे ही आपल्यासारख्या वेबसाइट करणाऱ्यांची तक्रार असते, मालकाची सहसा नसते. पुढे मी प्रत्येक नोंदीसमोर दोनच तारखा लिहू लागलो: व्यवसाय जिवंत असल्याची शेवटची खूण कधीची आहे, आणि वेबसाइटला शेवटचा हात कधी लागला असावा. पहिली तारीख ताजी आणि दुसरी बरीच मागची असेल, तरच तो व्यवसाय माझ्या यादीत राहतो.

पहिली तारीख नकाशावरच मिळते. रिव्ह्यू नव्यापासून जुन्याकडे लावून पाहावेत. गेल्या दोन-तीन महिन्यांतील रिव्ह्यू असतील आणि त्यांना मालकाने स्वतः उत्तरे दिली असतील, तर तेथे ग्राहकही येत आहेत आणि कोणीतरी इंटरनेटकडे लक्षही देत आहे. ज्या नोंदीवर अजून मालकी सांगण्याचे आमंत्रण दिसते, म्हणजे जी कोणी ताब्यातच घेतलेली नाही, तेथून मला क्वचितच उत्तर आले आहे. मोठ्या साखळीच्या शाखा लगेच वगळाव्यात, कारण तेथील व्यवस्थापकाच्या हातात वेबसाइट नसते. एका शोधात मॅप्स साधारण १२० नोंदींच्या आसपास थांबते, त्यामुळे संपूर्ण शहर एकदम न शोधता नकाशा मोठा करून एकेक भाग घेतलेला बरा. नोंदी यंत्राने खरवडून काढणे गूगलच्या अटींत बसत नाही. तसेही पुढची तपासणी डोळ्यांनीच करावी लागत असल्याने लांबलचक यादीचा उपयोग थोडाच असतो.

वेबसाइटच्या बटणावर क्लिक केल्यावर पत्त्याच्या पट्टीकडे जरूर पाहावे. पत्त्याच्या शेवटी `utm_source` असे काही जोडलेले असेल, तर कोणीतरी व्यावसायिक या नोंदीवरून येणारे लोक मोजत आहे. अशा ठिकाणी मी वेळ घालवत नाही. उलट पत्ता `business.site` ने संपत असेल, तर तो दुवा मेलेलाच आहे. प्रोफाइलमधून फुकट तयार होणाऱ्या त्या वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या आणि काही महिन्यांनी त्यांचे पत्ते प्रोफाइलकडे वळवणेही थांबवले. तो दुवा अजून तसाच असेल, तर मालकाने तेव्हापासून आपलीच नोंद ग्राहकाच्या नजरेने पाहिलेली नाही.

दुसरी तारीख काढणे अधिक नाजूक आहे. फुटरमधील कॉपीराइटचे वर्ष हा सर्वांत कच्चा पुरावा, कारण अनेक टेम्प्लेट ते वर्ष आपोआप बदलतात. त्यापेक्षा बाहेरच्या जगात जे बंद पडले, पण या वेबसाइटवर अजून उरले आहे, ते शोधावे. फुटरमध्ये गूगल प्लसचे चिन्ह असेल, तर त्या फुटरला एप्रिल २०१९ नंतर कोणी हात लावलेला नसावा, कारण सर्वसामान्यांसाठी ती सेवा तेव्हाच बंद झाली. संपर्काच्या पानावरील नकाशा काळवंडलेला असून त्यावर `For development purposes only` असे उमटत असेल, तर २०१८ मध्ये गूगलने वेबसाइटवर बसवायच्या नकाशांचे नियम बदलल्यावर बिलिंगची की कोणी बसवलेली नाही, अशी दाट शक्यता असते. `Ctrl+U` दाबून सोर्स उघडावा: `UA-` ने सुरू होणारा क्रमांक असेल, पण `G-` किंवा `GTM-` कोठेच नसेल, तर त्या वेबसाइटची गूगल अॅनालिटिक्सची मोजणी बहुधा जुलै २०२३ पासून थांबलेली आहे. तेथेच `viewport` हा शब्द शोधावा. तो नसेल, तर मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी दिसत असणार. शंका राहिल्यास `web.archive.org` वर मुखपृष्ठाच्या जुन्या प्रती लावून पाहिल्या की मजकूर कोणत्या वर्षी थिजला ते कळते.

केवळ ओस पडलेल्या फेसबुक पेजवर मात्र मी विसंबत नाही. मालक इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअॅपवर गेलेला असतो आणि तेथे त्याचे उत्तम चाललेले असते. कधी ते पेज त्याने तयार केलेलेही नसते. पेजचा खरा उपयोग तुलनेसाठी होतो. नकाशा, पेज आणि वेबसाइट या तिन्ही ठिकाणच्या वेळा आणि फोन नंबर एकमेकांशी जुळत नसतील, तर ग्राहकाचा हेलपाटा होतो, आणि तो मालकाला समजावून सांगावा लागत नाही.

एका सापळ्यापासून मात्र जपावे. कधी कधी व्यवसायाची नवी वेबसाइट दुसऱ्याच डोमेनवर असते आणि नकाशावरील दुवा तेवढा जुना राहिलेला असतो. मी एकदा अशाच एका मालकाला नव्या वेबसाइटचा प्रस्ताव पाठवला आणि त्याने मला आपली दोन महिन्यांपूर्वी केलेली वेबसाइट दाखवली. तेव्हापासून नावाने स्वतंत्र शोध घेतल्याशिवाय मी एक ओळही लिहीत नाही.

एका फिजिओथेरपी क्लिनिकचे उदाहरण देतो. सुमारे ८० नोंदींतून सहा उरल्या होत्या, त्यांपैकी ही एक. शेवटचा रिव्ह्यू ११ दिवसांपूर्वीचा होता आणि त्याखाली डॉक्टरांचे उत्तर होते. वेबसाइट मात्र `http` वर असल्याने क्रोम तिला असुरक्षित म्हणत होता, फुटरमध्ये गूगल प्लस होते, नकाशा काळवंडलेला होता, आणि नोंदीत शनिवारी सुरू असलेले क्लिनिक वेबसाइटवर शनिवारी बंद होते. फुटरमध्ये वेबसाइट करणाऱ्याचे नाव होते. त्यावर क्लिक केले तर ते डोमेन विकायला निघालेले दिसले. ही खूण मला सर्वांत मोलाची वाटते, कारण अशा मालकाला दुरुस्तीसाठी फोन करायला कोणी उरलेलेच नसते.

मी वेबसाइट जुनी आहे असे कोठेही म्हटले नाही. पाच ओळींत इतकेच लिहिले की तुमच्या वेबसाइटवर शनिवारी क्लिनिक बंद दाखवले आहे आणि पत्त्याचा नकाशा उघडत नाही. सोबत मोबाइलवरचे दोन स्क्रीनशॉट जोडले आणि शनिवारची वेळ दुरुस्त करायला कोणाला सांगता, असे विचारले. ईमेल पाठवण्यापूर्वी आपल्या देशात अनाहूत व्यावसायिक संदेशांचे नियम काय आहेत ते पाहून घ्यावे. मी शक्यतो व्यवसायाने स्वतः जाहीर केलेल्या पत्त्यावर, एकेकालाच लिहितो.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले: आधीचा माणूस फोन उचलत नाही आणि पासवर्ड आमच्याकडे नाहीत. डोमेनची नोंदणी त्या माणसाच्याच नावावर निघाली आणि मुदत संपायला चार महिने उरले होते. त्यामुळे नवी रचना बाजूला ठेवून पहिले तीन आठवडे ते डोमेन क्लिनिकच्या नावावर आणण्यात गेले, आणि पहिले बिलही त्याच कामाचे झाले. आता होकार आल्यावर, दर सांगण्याच्याही आधी, डोमेन कोणाच्या खात्यात आहे हे मी विचारतो.