कोथरूडचे १०५० की पुनावळ्याचे ७२०?

पुण्यात टू बीएचके शोधतोय. कोथरूडचा रिसेल फ्लॅट ९५ लाखांना आहे, १०५० स्क्वेअर फूट सुपर बिल्ट-अप. पुनावळ्याचा नवा, काम चालू असलेला, ९२ लाखांना, ७२० कार्पेट. कोथरूडचा फुटामागे बराच स्वस्त पडतोय ना?

नऊ हजार आणि पावणेतेरा हजार असे दोन दर काढून तुम्ही खूश झाला असाल. पण त्या १०५० मध्ये घराच्या आतल्या जागेशिवाय, म्हणजे कार्पेटशिवाय, जिना, लिफ्ट, लॉबी, कदाचित क्लब हाउस यांचा तुमच्या वाट्याला लावलेला हिस्सा आहे. तो किती लावायचा हे बिल्डर ठरवतो, त्याला ठरलेलं माप नाही. म्हणून एजंटला विचारा, लोडिंग किती? समजा तो म्हणाला, ३५ टक्के. आता खरी गंमत सुरू होते.

३५ टक्के कशाचे? कार्पेटवर ३५ टक्के चढवून १०५० झाले असतील, तर कार्पेट सुमारे ७७८ येतं आणि दर १२,२०० च्या आसपास. पण अनेक एजंट सुपर बिल्ट-अपमधूनच ३५ टक्के वजा करतात. तसं केलं तर कार्पेट ६८२ आणि दर १३,९००. पहिल्या हिशेबात कोथरूड स्वस्त, दुसऱ्यात महाग! म्हणून टक्केवारी विचारूच नका, कार्पेटचा आकडा फुटात मागा. जुन्या करारनाम्यात किंवा इंडेक्स टू या नोंदणीच्या उताऱ्यात क्षेत्र लिहिलेलं असतं, पण शेजारी कार्पेट लिहिलंय की बिल्ट-अप ते नीट बघा. बिल्ट-अप म्हणजे कार्पेट, अधिक बाहेरच्या भिंतींची जाडी, आणि बहुधा बाल्कनीही.

रिसेलमध्ये एवढ्यावरही थांबू नका, टेप घेऊन जा. आम्ही घर बघताना एका फ्लॅटचं कार्पेट ७०० सांगितलं होतं. बायकोने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं, एजंट सोफ्यावर बसून फोन बघत होता. प्रत्येक खोली, पॅसेज, बाथरूम, संडास, सगळं आतून भिंत ते भिंत मोजलं. त्यात आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा मिळवली, कारण रेरा कायद्याच्या व्याख्येत ती कार्पेटमध्ये धरतात. फार नसते ती. साठ फूट लांबीच्या पाच इंची भिंती म्हणजे जेमतेम २५ स्क्वेअर फूट. बाहेरच्या भिंती आणि डक्ट धरायचे नाहीत. आमची बेरीज ६९५ आली, तेव्हा वाटलं आपण उगाच संशय घेतला. मग हॉलच्या छताकडे लक्ष गेलं. खिडकीच्या चारेक फूट अलीकडे बीम आडवा गेला होता आणि त्याच रेषेत खालच्या फरशीचा सांधा बदलला होता. म्हणजे बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली. मंजूर नकाशात तिथे बाल्कनीच होती. ती वजा केल्यावर कार्पेट ६५० च्या आत आलं. जागा वापरायला मिळते हे खरं, पण ती कार्पेटच्या दराने विकत घ्यायची का, हा प्रश्न उरतोच. आणि परवानगीशिवाय घेतली असेल तर ती डोकेदुखीही तुमच्याकडेच येणार.

आता पुनावळ्याचे ७२०. रेराच्या व्याख्येत बाल्कनी आणि उघडी गच्ची कार्पेटमध्ये मोजत नाहीत. जाहिरातीत मात्र सर्रास 'युजेबल कार्पेट' लिहून बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी मिळवलेली असते. तुमच्या ७२० मध्ये अशा ८५ फुटांचा समावेश असेल, तर रेरा कार्पेट ६३५ आणि दर साडेचौदा हजारांच्या जवळ जातो. हे ओळखणं सोपं आहे. महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की त्या प्रकारच्या फ्लॅटचं कार्पेट दिसतं. ते बहुधा चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ ने गुणा. ५९ चौरस मीटर म्हणजे ६३५ फूट.

नव्या फ्लॅटच्या करारनाम्यात ताब्याच्या वेळी कार्पेट ३ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होऊ शकतं असं कलम असतं. ६३५ वर हे १९ फूट. एक बाथरूम गेल्याची भीती बाळगू नका, पण आकडा लक्षात असू द्या. शिवाय काम चालू असल्याने त्या ९२ लाखांवर ५ टक्के जीएसटी लागेल, म्हणजे ९६ लाख ६० हजार. कोथरूडच्या रिसेलवर जीएसटी नाही.

आधी दोन्हींचं बाल्कनी सोडून कार्पेट एका कागदावर लिहा, बाल्कनी वेगळ्या रकान्यात. मग एकूण किमतीला त्या कार्पेटने भागा. कोथरूडला जाताना टेप तीस फुटी न्या, पंधरा फुटीने हॉल मोजताना आमची फार पंचाईत झाली.