पैसे मागायचे पत्र: ‘बघा ना’ काढल्यावर आदर कुठून आणायचा?

प्रश्न: बाबांचा छापखाना आता मी बघते. एका शाळेचा वार्षिक अंक छापून दिला, ५०० प्रती. बिल ४२,५०० रुपये, १५,००० आगाऊ मिळाले, बाकी दोन महिने अडकलेत. संस्थेचे सचिव बाबांचे शिक्षक होते, त्यामुळे जपून लिहायचं आहे. मी हे लिहिलं होतं: “सर, ते बिलाचं जरा बघा ना. दोन महिने झाले, पैसे आले नाहीत. आम्हालाही कागदवाल्याला द्यायचेत. या आठवड्यात नक्की करा हं, नाहीतर पुढच्या अंकाचं काम घेता येणार नाही.” बाबा म्हणाले, असं पाठवू नकोस, रीतसर पत्र लिही. मग हे जमवलं: “आपणास सूचित करण्यात येते की आपण सदर धनराशीचे भुगतान शीघ्र करावे.” हे तर आणखीच विचित्र वाटतंय. कसं लिहू?

उत्तर: ताई, पहिला मेसेज उद्धट मुळीच नाही. मोठ्याने म्हणून बघा. ‘जरा’, ‘ना’ आणि ‘हं’ या तीन शब्दांनी त्यातला सगळा गोडवा धरून ठेवला आहे. बोलताना आपले आर्जव असल्या बारक्या शब्दांत आणि आवाजात असते. पत्रात ते शब्द शोभत नाहीत म्हणून आपण काढतो, आणि मग उरते ते एवढेच: दोन महिने झाले, पैसे आले नाहीत, या आठवड्यात करा. हा झाला तगादा. काढून टाकलेला आदर दुसऱ्या वाटेने परत आणावा लागतो, आणि लेखी मराठीत ती वाट क्रियापदातून जाते. जड शब्दांतून जात नाही. तुमचा दुसरा प्रयत्न फसला तो इथे.

मी सव्वीस वर्षे एका पतसंस्थेच्या वसुली विभागात पत्रे लिहिली, तेव्हा ‘सूचित करण्यात येते’ माझ्या चांगल्या ओळखीचे आहे. ते वरच्याने खालच्याला लिहायचे वाक्य आहे, कार्यालयाने कर्मचाऱ्याला किंवा तहसीलदाराने खातेदाराला. बाबांच्या गुरुजींना ते लिहिले तर शब्द भारदस्त आणि सूर हुकमी. ‘धनराशी’ आणि ‘भुगतान’ हे तर हिंदी फलकांवरून आलेले पाहुणे. मराठीत रक्कम असते, ती अदा करतात किंवा चुकती करतात. ‘बिल’ तसेच ठेवले तरी बिघडत नाही, पण शाळेच्या दप्तरात ‘देयक’ रुळलेले आहे, म्हणून पत्रात तो शब्द घेऊ. ‘थकबाकी’ मात्र पहिल्या पत्रात नको. वीजबिलाच्या नोटिशीमुळे त्या शब्दाला कनेक्शन तोडण्याचा वास लागला आहे. ‘येणे रक्कम’ म्हणा. जमाखर्चातला जुना शब्द आहे आणि कुणाला टोचत नाही.

आता क्रियापद. ‘करा’ ही आज्ञा, ‘कराल का’ हा प्रश्न, आणि ‘करावी, ही विनंती’ हा लेखी आदर. या ‘-आवी’ रूपात मागणी स्पष्ट राहते, पण समोरच्याच्या अंगावर जात नाही. ती एकदाच करायची. ‘कृपया रक्कम जमा करण्याची कृपा करावी ही नम्र विनंती’ असे वाक्य मी शेकड्यांनी पाहिले आहे. एका वाक्यात तीनदा वाकले की वाचणाऱ्याला लाचारी दिसते. आणि ‘आपणास विनंती आहे की आपण...’ अशी सुरुवात टाळा. मराठी वाक्य आधी काम सांगते आणि विनंती शेवटी ठेवते.

दुसरी गोष्ट, वाक्याचा कर्ता कोण ते बघा. ‘तुम्ही पैसे दिले नाहीत’ यात सर कर्ता आहेत, म्हणजे दोषीही तेच. बरेच जण ते सुधारून ‘आपल्याकडून रक्कम अदा केली गेलेली नाही’ असे लिहितात. त्यात बोट तिकडेच राहते, वर ‘केली गेलेली’ हे कानाला खटकते. रकमेलाच कर्ता करा: ‘उर्वरित रक्कम अद्याप जमा झालेली दिसत नाही.’ त्यातला ‘दिसत नाही’ फार कामाचा. कदाचित पैसे निघाले असतील आणि आमच्या नोंदीत चढले नसतील, एवढी जागा तो समोरच्याला ठेवतो. खरेच तसे झाले असेल तर सरांना ते संकोच न करता सांगता येते.

‘आपण’ आणि ‘आपले’ यांनी मला स्वतःला एकदा चांगले तोंडघशी पाडले आहे. पतसंस्थेत आम्ही ‘हप्ता आपल्या खात्यात जमा करावा’ असे लिहायचो आणि ते बरोबरच होते, कारण कर्जखाते त्या माणसाचेच. सवयीने तेच वाक्य मी भावाच्या फर्निचरच्या बिलावर लिहिले. दोन दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन: “माझ्याच खात्यात माझेच पैसे भरायचे, हे काय?” तो चेष्टा करत होता, पण पैसे आठवडाभर लांबले. ‘आपले’ हे ‘तुमचे’ही असते आणि ‘आपल्या दोघांचे’ही. म्हणून खाते, देयक, पावती यांच्यापाशी ‘आमचे’ किंवा ‘संस्थेचे’ असे नेमके लिहा, आणि ‘आपण’ फक्त सरांसाठी राखा. एकदा ‘आपण’ धरले की त्याच पत्रात मध्येच ‘तुमच्या शाळेने’ असे घसरू नका.

अनुस्वाराचेही तसेच आहे. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांप्रमाणे ‘झालं’, ‘बिलाचं’ ही बोलण्यातली रूपे लिहिताना अनुस्वार देऊन लिहिलेली चालतात, पण औपचारिक पत्रात ‘झाले’, ‘देयकाचे’ हीच रूपे घ्या. ‘द्यायचेत’ हे ‘द्यायचे आहेत’ असे सोडवून लिहा. अर्थात कागदवाल्याचे ते वाक्यच काढा. फोनवर ते जिव्हाळ्याने ऐकले जाते. पत्र मात्र सरांच्या हातून कारकुनाकडे, तिथून हिशेबनिसाकडे आणि कदाचित कार्यकारी मंडळापुढे जाणार. तुमची अडचण त्या सगळ्यांनी वाचावी असे तुम्हाला वाटणार नाही. आणि त्यांच्यापैकी कुणी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून ‘ते बिल’ म्हणून चालणार नाही. क्रमांक, तारीख, एकूण, आगाऊ, बाकी हे सगळे त्याच कागदावर हवे.

हे घ्या. तारखा आणि क्रमांक तुमचे घाला.

> दि. ५ मे २०२५
>
> प्रति,
> मा. सचिव,
> (संस्थेचे नाव व पत्ता)
>
> विषय: वार्षिक अंकाच्या छपाईची उर्वरित रक्कम मिळणेबाबत
> संदर्भ: आमचे देयक क्र. ११८, दि. २६ फेब्रुवारी २०२५
>
> महोदय,
>
> सप्रेम नमस्कार. आपल्या संस्थेच्या वार्षिक अंकाच्या ५०० प्रती आम्ही दि. २४ फेब्रुवारी रोजी शाळेत पोहोचवल्या. त्याची पोच आमच्याकडे आहे. या कामाचे देयक रु. ४२,५००/- चे असून त्यापैकी रु. १५,०००/- आगाऊ मिळाले आहेत. उर्वरित रु. २७,५००/- (अक्षरी रुपये सत्तावीस हजार पाचशे मात्र) अद्याप आमच्या खात्यात जमा झालेले दिसत नाहीत.
>
> ही रक्कम दि. २० मे २०२५ पर्यंत धनादेशाने अथवा खालील बँक खात्यात जमा करावी, ही विनंती. दरम्यान रक्कम पाठवली असल्यास व्यवहाराचा तपशील कळवावा, म्हणजे नोंद पूर्ण करता येईल. देयकाबाबत काही शंका असल्यास मी प्रत्यक्ष येऊन भेटेन.
>
> कळावे.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, छापखान्याचे नाव, बँक खात्याचा तपशील)
>
> सोबत: देयकाची व पोचपावतीची प्रत

यातल्या तारखेची भीती बाळगू नका. ‘लवकरात लवकर’ हे तारखेपेक्षा सौम्य वाटते, पण हिशेबनिसाला त्यातून काहीच कळत नाही आणि दोन आठवड्यांनी तुम्हाला पुन्हा लिहावे लागते, तेव्हा खरा अवघडलेपणा येतो. ‘२० मेपर्यंत’ लिहिले की त्या दिवसापर्यंत तुम्ही गप्प राहणार हेही त्यात आले, आणि समोरच्याला तोही आदरच वाटतो. ‘पर्यंत’ आणि ‘पूर्वी’ यांत घोळ घालू नका. ‘२० मेपूर्वी’ म्हणजे १९ तारखेला संपले.

‘महोदय’ मुद्दाम ठेवले आहे. सर बाबांचे गुरुजी आहेत म्हणून ‘सा. न. वि. वि.’ घालावे असे मनात येईल, पण साष्टांग नमस्कार करून पैसे मागितले की पत्र घरगुती होते आणि फाइलला लागताना सरांचीच पंचाईत होते. ते नाते भेटीत जपा. शेवटी ‘लोभ असावा’ किंवा ‘कृपाभिलाषी’ही नको. केलेल्या कामाचे पैसे मागताना कृपा कसली?

पुढच्या अंकाची धमकी पहिल्या पत्रातून मी पूर्ण गाळली. २० तारीख कोरडी गेली तर दुसऱ्या पत्रात ती आणा, पण नकार उलटवून: ‘मागील देयक पूर्ण झाल्यावर पुढील अंकाचे काम हाती घेता येईल.’ ‘नाहीतर घेता येणार नाही’ यातली माहिती तीच आहे, फक्त नव्या वाक्यात दार बंद करण्याऐवजी उघडे दाखवले आहे. त्या पत्राच्या विषयात ‘स्मरणपत्र’ आणि संदर्भात पहिल्या पत्राची तारीख लिहा, मजकूर पहिल्यापेक्षा लहान ठेवा. छापखान्याची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात आणि उशिरावर व्याज लागते. ते तिसऱ्या पत्रासाठी ठेवा. कायद्याचे नाव एकदा कागदावर आले की मग ‘सप्रेम नमस्कार’ कुणी खरा मानत नाही.

पत्र छापखान्याच्या लेटरहेडवर सही करून शाळेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवणार असाल तर सोबत एवढेच लिहा: ‘सर, नमस्कार. वार्षिक अंकाच्या देयकाबाबतचे पत्र आज शाळेत दिले आहे. प्रत सोबत जोडली आहे.’ त्याखाली सवयीने ‘सवडीने पाहावे’ असे बोटांतून येईल. ते पुसा, नाहीतर २० मे तिथेच संपला.