लसूण तेलात बुडवून ठेवला तर खरंच विष तयार होतं का?

"कोल्हापुरात राहते. रील बघून सोललेला लसूण आणि ताजा कढीपत्ता घाण्याच्या शेंगतेलात घालून बरणी ओट्यावर ठेवली आहे. दहा-बारा दिवस झाले, वास मस्त येतोय, दोनदा वरणावर घेतलंही. आता बहीण म्हणते यात बोट्युलिझमचं विष होतं. हे खरं की उगाच भीती? आणि मग लसणाचं तेल घरी करायचं कसं?"

बहिणीचं बरोबर आहे. बरणी टाकून द्या. चाखून बघू नका, उकळून वाचवायचा प्रयत्न करू नका, गाईला किंवा कुत्र्यालाही घालू नका. झाकण घट्ट लावून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि हात साबणाने धुवा.

तुम्ही ते खाल्लेलं आहे म्हणून हे आधी सांगतो. लक्षणं बहुतेक वेळा १२ ते ३६ तासांत दिसतात, पण आठ-दहा दिवसांनीही दिसू शकतात. पापण्या जड होऊन मिटायला लागणं, एकाचे दोन दिसणं, तोंड कोरडं पडणं, जीभ जड होणं, घास गिळता न येणं, आणि मग अशक्तपणा मानेकडून खाली खांदे-हातांत उतरणं. ताप नसतो आणि माणूस पूर्ण शुद्धीत असतो, त्यामुळे घरच्यांना 'थकवा असेल' असं वाटतं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता व्हेंटिलेटर असलेलं मोठं रुग्णालय गाठा आणि "तेलातला लसूण खाल्लाय" हे स्वतःहून सांगा. डॉक्टरांच्या मनात हा आजार सहसा पहिला येत नाही. बहुतेक वेळा काही होत नाही, कारण प्रत्येक बरणीत विष होतंच असं नाही. पण कुठल्या बरणीत झालंय हे बघून, हुंगून, चाखून कळत नाही.

आता 'उगाच भीती' या शब्दांबद्दल, कारण हे मी घरात फार ऐकलंय. आमच्या एका मामांचा मिसळीचा धंदा आहे. शेगडीच्या बाजूला त्यांची एक मोठी काचेची बरणी असते. अख्ख्या पाकळ्या तेलात सोनेरी होईपर्यंत तळायच्या, तेलासकट बरणीत ओतायच्या, लागेल तसं वरून चमचाभर घालायचं, आणि बरणी अर्धी झाली की नवा लसूण-तेल त्याच बरणीत. म्हणजे तळाचा लसूण किती दिवसांचा आहे हे कुणीच सांगू शकत नाही. मी बोललो की त्यांची तीन उत्तरं ठरलेली: "तेल कडकडीत तापवलंय, काय हुतंय त्याला?", "लोणचं न्हाई का वर्षभर टिकत?" आणि "आजपर्यंत एकालाबी काय झालं न्हाई."

पहिल्या उत्तरावर मी त्यांच्याच बरणीतली एक पाकळी काढून सुरीने मधोमध कापली. बाहेरून छान सोनेरी, आत पांढरी, मऊ, ओली. कापलेली बाजू कागदावर दाबली तर तेलाच्या डागाच्या मधोमध पाण्याचा ओला ठिपका उमटला. सगळी गोम त्या ठिपक्यात आहे. तेल १७० अंशांवर असलं तरी पाकळीच्या गाभ्यात पाणी आहे तोवर गाभा शंभराच्या वर जात नाही. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथं पाणी ९८ अंशांवरच उकळतं. हे विष तयार करणाऱ्या जिवाणूचे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे, बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्याची झोपलेली रूपं, मातीत असतात. लसूण मातीतून येतो, त्याच्याबरोबर तेही येतात. उकळत्या पाण्याच्या तापमानाला ते दाद देत नाहीत. कारखान्यात डबाबंद पदार्थांसाठी त्यांना दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर सुमारे तीन मिनिटं ठेवतात, तेव्हा त्यांचा बंदोबस्त होतो. मग बरणी कुकरमध्ये ठेवली तर? नाही. तिथं बीजाणू मारते ती ओली वाफ, आणि तेलात बुडालेल्या लसणापर्यंत ती पोचतच नाही. कोरड्या उष्णतेत हे बीजाणू कितीतरी जास्त तग धरतात.

उलट त्या अर्धवट तळण्याने त्यांचं काम सोपं होतं. बाकीचे जिवाणू मरतात, स्पर्धा संपते. वरून तेल हवा तोडतं, आणि या जिवाणूला वाढायला हवा नकोच असते. लसूण आंबट नाही, त्याचा पीएच सहाच्या आसपास, आणि या जिवाणूला ४.६ च्या वर वाढता येतं. पाणी गाभ्यात आहेच. राहिली ऊब. एप्रिलमधलं इथलं स्वयंपाकघर, तेही शेगडीशेजारी, म्हणजे ३५ अंशांच्या पुढे, जे त्याला सगळ्यात मानवतं. तेल स्वतः काही मारत नाही आणि टिकवतही नाही, ते फक्त हवा बंद करतं. हे वाक्य मामांपुढे किती वेळा बोललोय!

लोणच्याचं उत्तर इथेच मिळतं. कैरीचं लोणचं तेलामुळे टिकत नाही. ते कैरीच्या आंबटपणामुळे आणि मिठामुळे टिकतं; तेल बुरशी अडवायला असतं. फोडीतल्या पाण्यात दहा टक्क्यांच्या आसपास मीठ उतरलं किंवा पीएच ४.६ च्या खाली गेला की हा जिवाणू वाढत नाही. आपल्या कांदा-लसूण मसाल्याचंही तसंच: कांदा-लसूण वाळवून, भाजून पाणी काढलेलं, वर मिरची आणि मीठ. मामांच्या बरणीत यातलं काहीच नाही. ना आंबट, ना खारट, ना कोरडं. हेच मी म्हणेन लिंबू नावापुरतं पिळलेल्या लसणाच्या 'लोणच्या'बद्दल.

आणि 'कुणाला काही झालं नाही' याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकूव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये सँडविचमध्ये तेलातला चिरलेला लसूण वापरत होते. बरणी फ्रिजबाहेर. ३६ जण आजारी पडले, आणि खाणाऱ्याला चवीत काही वेगळं जाणवलं नव्हतं. कित्येकांचं निदान सुरुवातीला भलतंच झालं. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तिघे, पुन्हा तेलातला लसूण. त्यानंतर अमेरिकेत असा लसूण विकायचा तर त्यात आम्ल घालणं सक्तीचं झालं. बरणीत विष होईपर्यंत 'काही होत नाही' हे खरंच असतं.

आता तेल कसं करायचं.

रोजच्यासाठी थोडंच करा. दोनशे मिली तेलाला दहा-बारा पाकळ्या, पण बारीक चिरून, मंद आचेवर, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारं पाणी. ते चालू आहेत तोवर लसूण ओला आहे. कुरकुरीत झाला की लगेच कोरड्या मलमलीतून गाळा, चोथा वेगळा काढा, थंड झालं की फ्रिजमध्ये. चार दिवसांत संपवा. गाळलेल्या तेलात धोका बराच कमी असतो, तरी कण राहतात म्हणून मी त्यालाही चारच दिवस धरतो. फ्रिज ४ अंशांच्या खाली हवा, आणि बरणी दारात नको, मागच्या बाजूला ठेवा. दारातलं तापमान उन्हाळ्यात सहज वर जातं.

जास्त हवं असेल तर ठेचलेला लसूण आणि तेल बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा. काही महिने राहतं. वडी फ्रीजरमधून थेट कढईत टाकायची, ओट्यावर वितळत ठेवायची नाही.

बाहेर ठेवायचंच असेल, मामांसारखं, तर घरी जमणारे दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे पूर्ण वाळलेला लसूण: दोन-तीन मिलिमीटरचे काप, वाकवले की काडकन तुटतील इतके कोरडे. वाकले तर अजून पाणी आहे. पावसाळ्यात इथं उन्हावर हे होत नाही, तेव्हा ड्रायर वापरा किंवा बाजारातले सुके काप आणा. सुकी मिरची आणि खडखडीत वाळलेला कढीपत्ता याच हिशेबात बसतो. ताजा कढीपत्ता बसत नाही, तोही पाणी घेऊनच तेलात जातो.

दुसरा रस्ता आम्लाचा, आणि इथं वजनकाटा लागतोच. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी तपासून दिलेली कृती अशी आहे: ९ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, २९१ ग्रॅम पाण्यात विरघळवा, हे तीन टक्क्यांचं द्रावण झालं. त्यात १०० ग्रॅम लसूण घाला, पण तुकडे कुठल्याही बाजूने ६ मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत. वर तरंगणारे तुकडे बशीने दाबून बुडवा आणि पूर्ण २४ तास ठेवा. मग निथळून लसणाच्या दहापट वजनाच्या तेलात घाला, म्हणजे एक किलो तेल. एक ते दहा दिवसांत हवा तेवढा स्वाद उतरला की लसूण गाळून काढा. अख्खी पाकळी चालत नाही, कारण आम्ल गाभ्यापर्यंत पोचत नाही आणि आपल्याला भांडायचंय ते गाभ्याशीच. अंदाजाने पिळलेलं लिंबू किंवा वरून ओतलेलं व्हिनेगर याला पर्याय नाही, ते तेलाखाली वेगळं बसतं. ही कृती लसूण, तुळशीच्या जातीतली बेसिल, ओरेगानो आणि रोजमेरीसाठी तपासलेली आहे. त्या पाल्यांना द्रावण वजनाच्या दहापट लागतं. कढीपत्ता आणि कोथिंबिरीवर ती परस्पर लावू नका, ती वाळवून किंवा गोठवूनच वापरा.

एक राहिलं. झालेलं विष ८५ अंशांवर पाच मिनिटांत निकामी होतं, हे वाचून कुणीतरी "मग फोडणीत सगळं जळतंच की" म्हणेल. मामा म्हणालेच. पण असं तेल आपण वरणावर, भाकरीवर, मिसळीवर घेतो ते वरून, कच्चंच. आणि भारनियमनात फ्रीजरमधल्या वड्या पूर्ण वितळल्या आणि नेमका किती वेळ हे माहीत नसेल, तर त्या पुन्हा गोठवू नका, फेकून द्या.