नाशिकहून इंदूरच्या डिस्ट्रिब्युटरला लाकडी घाण्याच्या तेलासाठी ईमेल कसा लिहावा?

प्रश्न: अंबडला आमचा लाकडी घाणा आहे, शेंगदाणा तेलाचा नवीन ब्रँड काढलाय. इंदूर आणि सुरतच्या वीसेक डिस्ट्रिब्युटरना ईमेल पाठवले, सोबत कॅटलॉगही दिला. एकाचंही उत्तर नाही. ईमेलमध्ये नेमकं काय लिहायचं?

उत्तर:

सुरत सध्या बाजूला ठेवा. शेंगदाणा तेल हे गुजरातचं घरचं तेल आहे, सौराष्ट्राचा माल तिथे दारात येतो. नवीन ब्रँडला तिथे शिरायला जागा कमी. इंदूरचं तसं नाही. रोजच्या वापरात सोयाबीन तेल जास्त, मराठी वस्ती जुनी, आणि नाशिकहून आग्रा रोडने निघालेला माल एका रात्रीत पोचतो. म्हणून पहिले पाच ईमेल इंदूरला, एकेकाला वेगळा लिहून. वीस जणांना एकाच वेळी पाठवलेला ईमेल पहिल्या ओळीतच ओळखू येतो.

पाठवायचा कोणाला, हे मजकुराच्याही आधी ठरवा. रिफाइंड तेलाचा डिस्ट्रिब्युटर तुमच्या कामाचा नाही. तो लिटरमागे दोन-चार रुपयांवर काम करतो आणि माल आठवड्यात फिरवतो. चारशेची बाटली त्याच्या गोडाऊनमध्ये महिनाभर पडली की तो वैतागणार. ड्रायफ्रूट, ब्रँडेड मसाले, पापड, मध असा माल देणारा माणूस शोधा. त्याच्याकडे कमी फिरणारा, जास्त मार्जिनचा माल ठेवायची सवय असते. विजयनगर, पलासिया, तिलकनगर या भागांतल्या चांगल्या किराणा दुकानांत फोन करा किंवा एकदा जाऊन या आणि विचारा, 'हा मध तुम्हाला कोण देतं?' सियागंज ही किराण्याची घाऊक पेठ आहे, तिथूनही नावं मिळतील. दुकानांच्या ओळखीतून मिळालेलं नाव कुठल्याही यादीतल्या नावापेक्षा भारी.

आता मजकूर. डिस्ट्रिब्युटर ईमेल उघडतो तेव्हा त्याच्या डोक्यात चारच गोष्टी असतात: माल माझ्या गोडाऊनला काय भावात पडतो, बाटलीमागे मला किती सुटतात, दुकानदाराला किती सुटतात, आणि माल राहिला किंवा गळला तर कोण घेणार. घाण्याची परंपरा, आजीची आठवण, तेलाचे फायदे हे सगळं गिऱ्हाइकासाठी आहे, लेबलवर ठेवा. तुमच्या कॅटलॉगमध्ये तेच असणार आणि भाव शेवटच्या पानावर किंवा 'संपर्क साधा' असा, असा माझा अंदाज आहे.

हिशोब कसा मांडायचा ते एका बाटलीवर बघू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला. 1 लिटरची एमआरपी 420. त्यातून 5 टक्के जीएसटी काढला की मूळ रक्कम 400. दुकानदाराला 15 टक्के द्यायचे तर त्याला जीएसटीआधी 340 ला पडली पाहिजे. डिस्ट्रिब्युटरला तुम्ही 310 ला दिलीत तर त्याला बाटलीमागे 30 सुटतात, 12 बाटल्यांच्या खोक्याला 360.

इथे एक चूक फार होते. हेच 30 रुपये 310 वर काढले तर पावणेदहा टक्के भरतात, 400 वर काढले तर साडेसात. तुम्ही एका पद्धतीने टक्का लिहिता, तो दुसऱ्या पद्धतीने समजतो, आणि पहिल्या बिलावरच वाद सुरू होतो. ईमेलमध्ये टक्के लिहूच नका, रुपये लिहा.

त्यात वाहतूक. 910 ग्रॅम तेल, बाटली आणि खोकं धरून 12 बाटल्यांचं खोकं साधारण 12 किलोचं होतं. 40 खोकी म्हणजे 480 किलो. ट्रान्सपोर्टचा दर किलोला 6 रुपये धरला तर 2,880 रुपये, म्हणजे बाटलीला 6. हे कोण देणार ते स्पष्ट लिहा. माझं मत, पहिल्या तीन ऑर्डरींना भाडं तुम्ही घ्या आणि भाव 'इंदूर पोच' असाच लिहा. 'नाशिक गोडाऊन भाव' वाचला की समोरच्याला स्वतः गणित करावं लागतं, आणि नव्या ब्रँडसाठी तेवढे कष्ट कोणी घेत नाही.

भावाला मुदत हवीच. घाण्यावर लिटरभर तेलाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. दाणे किलोला 5 रुपयांनी चढले की लिटरचा खर्च 11-12 रुपयांनी चढतो. पेंडीतून थोडं परत येतं, सगळं येत नाही. म्हणून 'हा भाव 15 दिवस' ही ओळ घाला. नाहीतर महिन्याने तो जुना ईमेल दाखवून त्याच भावाने माल मागेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

हे सगळं ईमेलमध्ये असं बसेल. इंदूरला पाठवताना सोप्या हिंदीत करा आणि 'मूंगफली तेल' लिहा.

> विषय: लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, 1 लिटर, इंदूर पोच 310 + जीएसटी
>
> नमस्कार … जी,
>
> पलासियातल्या दोन दुकानदारांकडून तुमचं नाव कळलं, त्यांच्याकडे मध आणि मसाले तुम्ही देता. आम्ही नाशिकला लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढतो. पलासिया, विजयनगर आणि तिलकनगरसाठी एक डिस्ट्रिब्युटर शोधतो आहोत.
>
> 1 लिटर बाटली: एमआरपी 420. दुकानदाराला 340 + जीएसटी. तुम्हाला इंदूर पोच 310 + जीएसटी. बाटलीमागे तुम्हाला 30, खोक्यामागे (12 बाटल्या) 360 रुपये. भाव 15 दिवसांसाठी.
>
> पहिली ऑर्डर 40 खोकी: 1,48,800, आयजीएसटी 7,440, एकूण 1,56,240 रुपये. अर्धे ऑर्डरसोबत, अर्धे माल उतरल्यावर.
>
> तेल 6 महिने टिकतं. पोचताना किमान साडेचार महिने शिल्लक असतील. मुदत संपायला 45 दिवस उरले आणि खोकं न उघडलेलं असेल तर आम्ही बदलून देतो. गळती निघाली तर 48 तासांत फोटो पाठवा, पुढच्या बिलात क्रेडिट नोट.
>
> या बॅचचा लॅब रिपोर्ट, लेबलचा फोटो आणि एका पानाचा दरतक्ता जोडला आहे. दोन बाटल्या नमुन्याला पाठवू का? पत्ता कळवा.
>
> नाव, मोबाइल, जीएसटी क्रमांक, फूड लायसन्सचा 14 आकडी क्रमांक

एवढंच. मोबाइलवर दोनदा बोट फिरवून संपेल. जोडलेल्या तिन्ही फायली मिळून 1 एमबीच्या आत ठेवा.

पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा, कारण उत्तर आलं की तो पहिल्या फोनवर याच विचारतो.

जीएसटी कंपोझिशन योजनेत असाल तर दुसऱ्या राज्यात माल विकताच येत नाही. नवे घाणेवाले इथेच अडकतात. आधी रेग्युलरमध्ये या. आंतरराज्य मालाला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते, आणि 50,000 च्या वरच्या मालाला ई-वे बिल. वरची पहिली ऑर्डर त्यात येतेच.

दुसरं लेबल. सगळा मजकूर फक्त मराठीत असेल तर चालणार नाही. फूड सेफ्टीच्या नियमांप्रमाणे आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागते, मराठी त्याच्या जोडीला ठेवता येते. वजन लिटर आणि ग्रॅम दोन्हीत लिहा. 'कोलेस्टेरॉल कमी करतं', 'हृदयविकारावर गुणकारी' अशी ओळ असेल तर काढा. नमुना उचलायला अधिकारी त्याच्या गोडाऊनमध्येही येतात, त्यामुळे जाणता डिस्ट्रिब्युटर असं लेबल पाहूनच मागे सरतो.

तिसरं, आणि मला सगळ्यात काळजीचं वाटतं ते, गळती आणि गाळ. ईमेलमध्ये क्रेडिट नोटचा शब्द देण्याआधी हे करून बघा: भरलेल्या, सील केलेल्या 12 बाटल्या वर्तमानपत्रावर आडव्या टाका, 24 तास ठेवा. एकीखाली जरी तेलाचा पारदर्शक डाग दिसला तरी झाकणाचा सील नीट बसलेला नाही. बहुतेक वेळा भरताना बाटलीच्या तोंडाला तेल लागलेलं असतं आणि त्यावर फॉइल चिकटत नाही. तोंड कोरडं पुसून मग सील करा, पुन्हा तीच चाचणी घ्या. एक गळकी बाटली सगळं खोकं तेलकट करते, खालचा पुठ्ठा मऊ पडतो, आणि थप्पीतली वरची खोकी बसतात. घाट उतरताना हे हमखास होतं. खोकं पाच पदरी घ्या, थप्पी पाचाच्या वर नको, आणि तसं खोक्यावर छापा.

गाळाचं असं की घाण्याचं तेल तीन-चार दिवस निवळूनही बाटलीच्या तळाशी थोडा साका बसतो. इंदूरचं गिऱ्हाईक रिफाइंडची काचेसारखी बाटली बघत आलेलं, त्याला ती भेसळ वाटते. दुकानदार बाटली परत करतो आणि डिस्ट्रिब्युटर तुम्हाला फोन लावतो. निवळल्यावर बारीक कापडाच्या फिल्टरमधून काढा, आणि तरी जे राहतं त्याबद्दल दरतक्त्यावर एक ओळ लिहा: 'तळाशी थोडा साका नैसर्गिक, तेलाला खवट वास येत असेल तरच परत.' खवट वासाची बाटली मात्र वाद न घालता परत घ्या.

ईमेल मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी पाठवा, तिसऱ्या दिवशी दुपारी फोन करा. दुपारी ऑर्डर घेणारी मुलं बाहेर असतात आणि मालक गादीवर निवांत असतो. तो बहुधा दोन गोष्टी मागेल. एक, 21 दिवसांची उधारी. तिसऱ्या ऑर्डरपासून, आणि मागचं बिल चुकतं झाल्यावर, असं सांगा. दुसरी, सगळ्या मध्य प्रदेशची एजन्सी. ती देऊ नका. तीन भाग सहा महिन्यांसाठी द्या, महिन्याला ठराविक खोकी उचलायच्या अटीवर, आणि हे दोन ओळींत ईमेलवरच लिहून घ्या. पुढे डिस्ट्रिब्युटरांना माल पुरवणारा सुपर स्टॉकिस्ट मध्ये आला तर त्याच्या वाट्याचे लिटरमागे दहा-बारा रुपये या 310 मधूनच निघायला हवेत. ते निघत नसतील तर पहिला ईमेल जाण्याआधीच एमआरपी पुन्हा बसवा, कारण एकदा सांगितलेला भाव सियागंजमध्ये दोन दिवसांत सगळ्यांना कळतो.